सोमवारचा किराणा आणि रोजची फूड कॉस्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : «रोजची खरेदी भागिले रोजची विक्री, हा तुमचा टक्का आमच्याकडे चालत नाही. सोमवारी किराणा भरला की अलर्ट लाल, रविवारी सगळं हिरवंगार. आठ दिवसांत पोरांनी त्याकडे बघणंच सोडलं. महिनाअखेरीला स्टॉक मोजल्याशिवाय फूड कॉस्ट निघत नाही, बाकी सगळा आकड्यांचा खेळ.»

सोमवारबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि हॉटेलची फूड कॉस्ट, म्हणजे विक्रीतला कच्च्या मालाचा वाटा, रोज काढायचं मूळ लेखातलं सूत्र त्या जागी कच्चं होतं. महिनाअखेरीपर्यंत थांबण्याबद्दल मात्र मतभेद आहे. 5 तारखेला सुरू झालेली गळती 31 तारखेला कळली, तर तोवर पैसे गेलेले असतात आणि कारणही सापडत नाही.

समजा, एका हॉटेलची सोमवार ते रविवार विक्री अशी आहे : 22, 20, 24, 22, 28, 40 आणि 44 हजार, म्हणजे एकूण 2 लाख. खरेदी त्याच क्रमाने साडेएकवीस, 4, साडेपाच, साडेचार, साडेबारा, 9 आणि 7 हजार, म्हणजे एकूण 64 हजार. सोमवारचा टक्का निघतो जवळपास 98 आणि रविवारचा 16. दोन्ही खोटे. सोमवारी घेतलेला तांदूळ रविवारपर्यंत शिजत असतो. आठवड्याचा टक्का 32, आणि खरा उपयोगाचा आकडा तोच.

म्हणून टक्का रोज काढायचा, पण मागच्या सात दिवसांचा. सातच का, तर खिडकी कुठूनही उघडली तरी तिच्यात एक किराण्याचा वार, एक शनिवार आणि एक रविवार असतोच. पाच किंवा दहा दिवस घेतले की वार कमीजास्त होतात आणि आकडा उगाच हेलकावतो. एक चूक इथे हमखास होते : सात दिवसांच्या वेगवेगळ्या टक्क्यांची सरासरी काढली जाते. वरच्या उदाहरणात ती जवळपास 35 येते, म्हणजे तीन टक्के जास्त, कारण मंदा मंगळवार आणि तेजीतला रविवार एकाच वजनाने मोजले जातात. आधी बेरजा, मग भागाकार.

आता साठ्याचा प्रश्न. तेल महागणार असं ऐकून कुणी 2,200 रुपयांचे सहा डबे जास्तीचे उचलले, तर 13,200 रुपये त्या आठवड्यावर पडतात आणि टक्का 32 चा 38.6 होतो. किचनमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. यावर सोपा इलाज : डबा आला तेव्हा नाही, फोडला त्या दिवशी खर्चात धरायचा. `Kharedi` शीटमध्ये बिलाची तारीख, माल, वजन, दर, रक्कम हे पाच रकाने असतील, तर सहावा `F` रकाना खर्चाच्या तारखेचा. भाजी, दूध, पाव, चिकन यांना आल्या दिवसाचीच तारीख. तेलाचे डबे, तांदळाची पोती, काजू एवढ्यांनाच वेगळी वागणूक, आणि प्रत्येक डब्याची ओळ स्वतंत्र. फोडताना डब्यावर मार्करने तारीख टाकायची, रात्री तीच शीटमध्ये. हिंग-मोहरीसाठी हा खटाटोप करू नका, दोन दिवसांत कंटाळा येईल.

`Roj` शीटमध्ये `A` तारीख, `B` विक्री, `C` खर्च, `D` टक्का, `E` अलर्ट. नोंदी दुसऱ्या ओळीपासून :

```
C2: =SUMIFS(Kharedi!E:E,Kharedi!F:F,A2)
D8: =IF(COUNT(B2:B8)<7,"",SUM(C2:C8)/SUM(B2:B8))
E9: =IF(COUNT(D8:D9)<2,"",IF(MIN(D8:D9)>34%,"वाढलं",IF(MAX(D8:D9)<28%,"बिल राहिलं?","")))
```

`C`चं सूत्र दुसऱ्या ओळीपासून, बाकीची इथे दिलेल्या ओळीपासून खाली ओढायची. हॉटेल बंद असेल त्या दिवशी विक्रीत 0 लिहा. रकाना मोकळा सोडलात तर त्या दिवसापासून सात दिवस टक्काच दिसणार नाही.

अलर्टला खालची मर्यादाही आहे, ती मुद्दाम. टक्का अचानक 26 वर आला तर आचारी काटकसरी झाला असं नसतं, बहुतेक वेळा गल्ल्यातून रोख दिलेल्या भाजीची चिठ्ठी चढवायची राहिलेली असते. दुसरं कारण तारखेचं. कुणी `5.3.2025` अशी टिंबं देऊन लिहिली की शीट अनेकदा तिला तारीख न मानता मजकूर धरते आणि ती ओळ बेरजेतून गुपचूप गळते. असा मजकूर रकान्यात डावीकडे चिकटलेला दिसतो, खरी तारीख उजवीकडे.

34 आणि 28 हे आकडे उचलू नका. चार ते सहा आठवडे नुसती नोंद करा, स्वतःची सरासरी काढा आणि वर दोन टक्क्यांची मोकळीक ठेवा. बिर्याणीवाल्याचा आणि उडप्याचा आकडा एक नसतो. दोन दिवस सलग ओलांडल्यावरच अलर्ट द्यायचा, म्हणजे किराणा एक दिवस आधी आला तरी बोंब होत नाही.

विक्री जीएसटी वगळून धरा. 5 टक्के भरणाऱ्या रेस्टॉरंटला इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणून खरेदी मात्र करासकट. ॲपवरच्या ऑर्डरची विक्री म्हणजे तुम्ही दिलेली सूट वजा करून उरलेली बिलाची रक्कम. कमिशन कापून खात्यात येते ती नाही. कमिशन हा वेगळा खर्च.

अलर्ट आल्यावर काय करायचं ते याच हॉटेलवर पाहू. पुढच्या आठवड्यात विक्री तेवढीच, 2 लाख, पण खर्च 71 हजार : साडेपस्तीस टक्के. 7 हजारांची वाढ मालाप्रमाणे लावली तर एकट्या चिकनची साडेपाच हजार निघते. आधीच्या आठवड्यात 200 रुपयांनी 90 किलो, आता 235 रुपयांनी 100 किलो. 90 किलोवर 35 रुपये म्हणजे 3,150 रुपये दराचे. त्यात किचनचा दोष नाही, तिथे पुरवठादाराशी बोलायचं किंवा मेन्यूचा दर पाहायचा. उरलेले 2,350 रुपये जास्तीच्या 10 किलोंचे. बिलिंगमधून चिकनच्या प्लेटा काढा. दोन्ही आठवड्यांत 600 असतील, तर प्लेटमागे कच्चं चिकन 150 ग्रॅमवरून 167 वर गेलंय.

मग वजनकाटा आधी दारात न्या, किचनमध्ये नंतर. माल उतरताना पाणी निथळू देऊन वजन करा. तिथेच एक-दीड किलो कमी भरत असेल तर आचाऱ्याला बोलण्यात अर्थ नाही. तिथे चोख असेल तर शिजवण्याआधी पाच प्लेटांचे तुकडे मोजा. वजन 150 च्या आसपास आलं तर माल प्लेटबाहेर जातोय : स्टाफचं जेवण, परत आलेली ऑर्डर, किंवा मागचं दार.

या अलर्टला एका दिवसाचा घोळ दिसत नाही, हे खरं. 2 लाखांच्या विक्रीत 2 हजारांचा माल सांडला तर टक्का एकानेच हलतो. आणि तुमची महिनाअखेरची मोजणी बंद करायची नाहीच. उलट ती आता सोपी होते : `F` रकाना मोकळा असलेल्या ओळी फिल्टर करा, तोच तुमचा न फोडलेला साठा. फोडलेल्या पोत्यातलं उरलेलं तेवढं वेगळं मोजायचं. शीटमध्ये सहा डबे आणि मांडणीवर पाच, तर एक फोडल्याची नोंद राहिली किंवा तो डबा किचनपर्यंत पोचलाच नाही. आधी रिकामे डबे मोजा.