काकू, आजोबांच्या वह्यांबद्दल

काकू,

समोरासमोर बोलायला गेले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून इथे लिहितेय. तुम्ही सहा आठवडे नेमकं काय केलंत, ते आमच्या सगळ्या नातेवाइकांनाही कळू दे.

आजोबांच्या चार वह्यांचे मी काढलेले चारशेच्या वर फोटो तुम्हाला पाठवले, तेव्हा माझी समजूत अशी होती की हे नुसतं टायपिंगचं काम आहे. अक्षर जुनं आहे, पण मराठीच तर आहे! पहिले चार दिवस तुम्ही एक ओळही टाइप केली नाहीत. नुसत्या वाचत होतात. मग एका कागदावर आजोबांची बाराखडी मांडलीत. ज्या शब्दांबद्दल शंकाच नाही, म्हणजे वारांची नावं, महिन्यांची नावं, घरच्यांची नावं, त्यांतून एकेक अक्षर उचलून तुम्ही ते जसंच्या तसं गिरवलं होतंत. आजोबा घाईत असले की शिरोरेघ देतच नसत. शिरोरेघ नसली की 'घ' आणि 'ध' एक होतात, 'भ' आणि 'म' एक होतात, आणि 'ख' चा 'रव' होतो. त्या कागदावर तुम्ही 'भ' आणि 'म' शेजारीशेजारी काढले होते आणि खाली लिहिलं होतं, 'भ ची गाठ आधी, वरून खाली'. मी तो कागद जपून ठेवलाय.

आपला पहिला वाद अनुस्वारांवरून झाला. आजोबा 'नाहीं', 'घरीं', 'झोंप', 'मी गेलों' असं लिहीत. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, पण आजोबांच्या हातातून ते कधी गेले नाहीत. मी म्हटलं, काकू, हे टिंब काढून टाका, पोरांना वाचायला सोपं जाईल. तुम्ही साफ नाही म्हणालात. "पैसे दिले" वर टिंब नाही आणि "काम केलें" वर आहे, कारण पहिलं अनेकवचन आहे आणि दुसरं नपुंसकलिंगी एकवचन. पुढचा एखादा शब्द पुसट असेल तर हे टिंबच सांगतं की तिथे काय असू शकेल, असं तुम्ही समजावलंत. मला तेव्हा तो हट्ट वाटला होता. आज मी ठामपणे म्हणते, जुनं लिखाण उतरवताना आपल्या सोयीसाठी एक काना-मात्राही बदलू नये. सोपी प्रत हवी असेल तर ती नंतर वेगळी करावी.

आता त्या पानाबद्दल लिहिते.

फोटो काढत होते तेव्हा बाबा शेजारी बसले होते. वही नंबर दोन, कव्हरवर छापलेलं साल १९५८. ऑगस्टमधल्या एका पानावर त्यांचं बोट थांबलं. 'बाबूला मारलें. रात्रभर झोंप नाहीं.' बाबू म्हणजे बाबाच. त्यांचा जन्म १९५४चा. चार वर्षांच्या पोराला एवढं मारलं की बापाला रात्रभर झोप लागू नये! बाबा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "मला आठवत नाही." त्यानंतर त्यांनी वह्यांना हात लावला नाही. तुम्हाला मी हे सांगितलंही नव्हतं.

तुम्हाला अडखळायला झालं ते वेगळ्याच ठिकाणी. त्याच वहीत मे महिन्यात 'आई असती तर' असं एक वाक्य होतं. तुम्ही फोन करून विचारलंत, "पणजी कधी गेल्या?" मी म्हटलं, १९६२ साली. मग १९५८च्या वहीत 'असती तर' कसं? पण वार तर सगळे बरोबर जुळत होते. जिथे आजोबांनी 'आज रविवार' लिहिलंय, तिथे छापलेला वारही रविवारच.

इथे दुसऱ्या कुणी 'असेल काहीतरी' म्हणून पुढचं पान घेतलं असतं. तुम्ही कागद घेऊन हिशोब केलात. साध्या वर्षात वार एकाने पुढे सरकतो, लीप वर्षात दोनाने. १९५८पासून अकरा वर्षं, मध्ये १९६०, ६४ आणि ६८ ही तीन लीप वर्षं. अकरा आणि तीन चौदा, म्हणजे बरोबर दोन आठवडे. १९६९चं कॅलेंडर हुबेहूब १९५८चंच! मधलं १९६४ही बुधवारीच सुरू झालं, पण ते लीप, त्यामुळे मार्चपासून वार चुकतात. आणि मग तुम्ही थेट जुलै उघडलात. २१ जुलै, सोमवार: 'सकाळीं रेडिओवर ऐकलें. माणूस चंद्रावर उतरला.' ती नोंद १९५८ची असूच शकत नव्हती. कोरी राहिलेली डायरी आजोबांनी अकरा वर्षं सांभाळली आणि वार जुळले तेव्हा वापरायला काढली. त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

म्हणजे त्या ऑगस्टात बाबा चार वर्षांचे नव्हते, पंधरा वर्षांचे होते.

तुम्ही त्या पानाशी पोचलात तेव्हा 'मारलें' असं उतरवलं नाहीत. 'बाबूला [?] [?]रलें' असं ठेवलंत आणि मला निरोप पाठवलात, 'या पानाचा फोटो पुन्हा काढ. पान शिवणीकडे वळलंय, ओळीचं शेवट सावलीत गेलंय. फ्लॅश नको, दिवा डावीकडून, खाली धर.' मी वही उशीवर अर्धवट उघडी ठेवली, म्हणजे शिवणीवर ताण येणार नाही, आणि टेबललॅम्प जवळजवळ पानाच्या पातळीला आणला. आडव्या उजेडात निबाने उमटलेली चर दिसायला लागली. 'बाबूला' नंतर, पार शिवणीच्या घडीत, एक बारीक शब्द होता. तुम्ही दोन तासांनी कळवलंत: 'हींव'. आणि पुढच्या ओळीतलं पहिलं अक्षर 'मा' नाही, 'भ'. गाठ आधी, वरून खाली.

'बाबूला हींव भरलें. रात्रभर झोंप नाहीं.'

मी ते बाबांना वाचून दाखवलं. साल सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हो की. मला थंडी वाजून ताप आला होता. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. नाना माझे पाय धरून बसले होते." हे त्यांनी आम्हाला आधी कधीच सांगितलं नव्हतं.

काकू, तुम्ही अंदाजाने 'मारलें' लिहून टाकलं असतंत, तर आम्ही त्यावर विश्वास ठेवला असता. टाइप केलेल्या अक्षरावर कुणी शंका घेत नाही. तुमच्या चौकटी कंसांचं मोल मला त्या दिवशी कळलं. चार वह्यांत मिळून अजून एकतीस प्रश्नचिन्हं आहेत, आणि ती तशीच राहिली आहेत याचं मला फार समाधान आहे.

आता तीसच. काल बाबा भिंग घेऊन बसले होते. चौथ्या वहीत '[?]ला पत्र टाकलें' असं आहे ना, तिथे ते हसले. "अरे, हा बंड्या! माझा मावसभाऊ. नाना त्याला बंडोपंत म्हणायचे, इथे नुसतं 'बंडो' लिहिलंय." तुमच्या बाराखडीशी ताडून बघितलं. 'ड' तसाच आहे, खाली गाठ मारलेला.

संध्याकाळी बाबा स्वतः येणार आहेत तुमच्याकडे, ते पान घेऊन. त्यांना 'वहिनी, तुम्ही बघा एकदा' असं म्हणायचंय. तुम्ही घरी असाल ना?

तुमची,
शेजारची