मुलं प्रश्न वाचत नाहीत म्हणे!

पेपर तपासताना स्टाफरूममध्ये हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. अहो, मुलं वाचतात, पण तुमच्या मनातला प्रश्न त्यांना कागदावर दिसत नाही. नवा प्रश्न आधी चार-पाच मुलांवर चालवून बघायला काय जातं?

आठवीच्या इतिहासासाठी आम्ही नवा प्रश्न काढला. १८९७ च्या प्लेगमध्ये सोजीर घरात, पार देवघरात शिरून झडती घ्यायचे, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, घरच्यांना छावणीत ठेवायचे, असा एक छोटा उतारा, आणि खाली "रँडच्या उपायांना पुण्यातील लोकांचा विरोध का झाला? उताऱ्याच्या आधारे लिहा."

साधा सरळ वाटतो ना? नववीतली काही मुलं बोलावली (त्यांचं हे मागच्याच वर्षी झालंय आणि पेपर त्यांना द्यायचा नाहीये, म्हणजे फुटायची भीती नाही). नुसती हुशार नाही, काठावरची पण घ्यायची. एकेकाला वेगळं बसवायचं, नाहीतर पहिला बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात. मोठ्याने वाच, मग उत्तर द्यायच्या आधी तुझ्या शब्दांत सांग काय विचारलंय, एवढंच. आपण मधे तोंड उघडायचं नाही, हे आम्हा मास्तर लोकांना सगळ्यात अवघड 😄

एका मुलाने रँड वाचलं आणि सुटलाच, चापेकर बंधू, गणेशखिंड, २२ जून, सगळं घडाघडा. उताऱ्याकडे बघितलंच नाही. मी विचारलं, काय विचारलंय रे? "सर, रँडला कोणी मारलं ते." दुसरीही तिथेच पोचली. मग मी रँडचं नाव झाकून म्हटलं, लोक कशाला चिडले असतील? तोच मुलगा लगेच म्हणाला, "बूट घालून देवघरात शिरले तर आजी चिडणारच ना सर." म्हणजे त्याला येत होतं! समजावल्यावर तोंडी नीट सांगता आलं तर खोट प्रश्नात, आणि तरीही नाही आलं तर अभ्यास कच्चा, हा फरक लेखी पेपरात कधीच कळत नाही.

दुरुस्ती करताना एका मॅडमनी प्रश्नातच "घरझडतीसारख्या उपायांना" असं घातलं, तर अर्धं उत्तर तिथेच मिळायला लागलं. शेवटी "उताऱ्यातील कोणत्या दोन गोष्टींमुळे लोक चिडले असतील? प्रत्येकीचं कारण लिहा" असं केलं, रँडला हाकललं, आणि परत वेगळ्या मुलांना दाखवलं, कारण पहिल्यांना आता आपल्याला काय हवंय ते कळलेलं असतं.

एवढ्याशा मुलांवरून प्रश्न सोपा की अवघड हे ठरवू नका हां, त्याला पूर्ण वर्ग लागतो. आणि सुधारलेला प्रश्न छापायला गेला की प्रूफ स्वतः बघा, आमच्याकडे टायपिंगवाल्याने जुनाच पाठवला होता 🤦