एक चौकट, दोन नियम: 18 की 45?

वाचकाची प्रतिक्रिया: "चौकटीत पहिली ओळ 4, 6, 20, दुसरी 3, 5, 16 आणि तिसरी 7, 2, ? अशी आहे. तुम्ही पहिल्या दोन संख्यांच्या बेरजेची दुप्पट करून 18 उत्तर दिलेत. मी वर्गांची वजाबाकी केली: 36 − 16 = 20, 25 − 9 = 16, म्हणून 49 − 4 = 45. माझा नियमही दोन्ही ओळींना लागू पडतो, मग 45 चूक कसे? हे प्रश्न म्हणजे प्रश्न काढणाऱ्याच्या मनातले ओळखण्याचा खेळ आहे."

नमस्कार. आपला आक्षेप या चौकटीपुरता मला पूर्णपणे मान्य आहे आणि दोष माझ्या संख्यांचा आहे. मात्र तो नेमका कुठे आहे हे पाहिले, की आपल्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत का नाही, हेही स्पष्ट होईल.

पहिल्या ओळीत 6 आणि 4 यांच्यात 2 चा फरक आहे, दुसऱ्या ओळीत 5 आणि 3 यांच्यातही 2 चाच. दोन संख्यांच्या वर्गांची वजाबाकी म्हणजे त्यांची बेरीज गुणिले त्यांचा फरक, हे सूत्र आपल्याला ठाऊक आहेच. फरक 2 असेल, तर ही वजाबाकी आपोआप बेरजेची दुप्पट होते. म्हणजे दिलेल्या दोन ओळींत आपला आणि माझा नियम वेगळे नाहीतच. ते वेगळे होतात ते थेट तिसऱ्या ओळीत, जिथे फरक 5 आहे आणि पडताळायला उत्तर नाही. दोन ओळी दिसत असल्या, तरी दुसरी ओळ पहिलीचीच साक्ष पुन्हा देते. या एका योगायोगामुळे आणखीही नियम आत शिरतात. उदाहरणार्थ, पहिल्या संख्येत दुसरीची तिप्पट मिळवून 2 वजा केले, तर 4 + 18 − 2 = 20 आणि 3 + 15 − 2 = 16 येतात, आणि तिसऱ्या ओळीचे उत्तर 11 होते.

तरीही 18 आणि 45 यांत निवड करायचीच झाली, तर मी 18 कडे झुकेन, आणि त्याचे कारण आपल्याच मांडणीत आहे. पहिल्या दोन ओळींत आपण दुसऱ्या संख्येच्या वर्गातून पहिलीचा वर्ग वजा केला आहे. तोच क्रम पाळला, तर तिसऱ्या ओळीत 4 − 49 = −45 येते. 45 मिळवण्यासाठी 'मोठ्या संख्येच्या वर्गातून लहान संख्येचा वर्ग वजा करावा' अशी जोड द्यावी लागते, आणि वरच्या दोन्ही ओळींत दुसरी संख्याच मोठी असल्यामुळे ही जोड कुठेच तपासली जात नाही. बेरजेला क्रमाची अडचण येत नाही. अर्थात हा झुकाव आहे, सिद्धता नव्हे. पर्यायांत 18 आणि 45 दोन्ही असतील, तर तो प्रश्नच सदोष मानावा.

उभ्या स्तंभांकडेही पाहू, कारण तिथला सापळा वेगळ्या जातीचा आहे. पहिल्या स्तंभात 4 + 3 = 7. दुसऱ्यात 6 + 5 = 11 आणि त्याच्या अंकांची बेरीज 2. त्याच रीतीने तिसऱ्यात 20 + 16 = 36 आणि अंकांची बेरीज 9. हा नियमही दोन स्तंभांत पडताळला गेला आहे, पण मी त्याला ओळींच्या नियमाइतके वजन देणार नाही. एक अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत गेले, की उत्तर 1 ते 9 यांतलेच येते, त्यामुळे ते योगायोगाने जुळणे फार सोपे असते. 20 आणि 16 या संख्या नेमक्या मिळणे त्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. जो नियम माहिती टाकून देतो, त्याच्याकडून अधिक साक्षी मागाव्यात, असे माझे मत आहे.

कर्णांचा आधार तर याहून कच्चा आहे. 20, 5, 7 हा एकच कर्ण पूर्ण आहे. 'दोन्ही कर्णांची बेरीज समान' असे मानले, तर 32 वरून 23 उत्तर निघते, पण तो एकुलता एक पूर्ण कर्ण 32 हा आकडा ठरवण्यातच खर्ची पडतो आणि पडताळणीसाठी काहीच उरत नाही. तीन त्रिकोण किंवा तीन वर्तुळे दिलेली असतात, तेव्हाही हेच मोजावे: नियम शोधण्यात किती आकृत्या खर्च झाल्या आणि तो तपासायला किती उरल्या.

आता दुरुस्ती. मधली ओळ 3, 8, 22 अशी करतो. बेरजेची दुप्पट 22 येते, म्हणून माझा नियम टिकतो. वर्गांची वजाबाकी 64 − 9 = 55 होते, तिपटीचा नियम 25 देतो, आणि दुसऱ्या स्तंभात 6 + 8 = 14 होऊन अंकांची बेरीज 2 ऐवजी 5 येते. एक ओळ बदलल्याने तिन्ही पर्यायी नियम बाद होतात; त्यांपैकी ओळींचे दोन नियम बाद होतात, कारण आता पहिल्या ओळीत फरक 2 आहे आणि दुसऱ्या ओळीत 5. मूळ लेखातील चौकट मी अशीच बदलत आहे. या नव्या चौकटीतही ओळींना लागू पडणारा एखादा साधा नियम 18 सोडून दुसरे उत्तर देत असल्याचे आपल्याला आढळले, तर तो अवश्य कळवावा.