बावीस वर्षं एकच माणूस 'स्वतंत्र' संचालक!

चवथीच्या गडबडीत कंपनीच्या वार्षिक सभेची नोटीस येते. ती वाचायची म्हटलं की माझं डोकं तापतं. या कंपनीचा कारखाना आमच्या गोव्यात आहे. बँकेत असताना मी तिचे थोडे शेअर घेतले आणि अजून धरून ठेवलेत. मालकावर नजर ठेवायला आमच्या वतीने तिथे 'स्वतंत्र संचालक' बसवतात. कायद्याने त्याला पाच वर्षांची एक अशा लागोपाठ दोनच मुदती मिळतात, म्हणजे फार तर दहा वर्षं. मग आमच्या कंपनीत एकच गृहस्थ 2002 पासून 2024 पर्यंत कसे बसले?

कायदाच तसा लिहिलाय. स्वतंत्र संचालकांची ही तरतूद 1 एप्रिल 2014 ला लागू झाली आणि त्याआधीची वर्षं मोजायचीच नाहीत असं तिच्या स्पष्टीकरणात म्हटलंय. म्हणजे या गृहस्थांची आधीची बारा वर्षं एका ओळीत पुसली गेली. नव्याने पहिली मुदत 31 मार्च 2019 पर्यंत, दुसरी 31 मार्च 2024 पर्यंत. बारा वर्षं मालकाच्या पंगतीला बसलेला माणूस 2014 साली कोरा करकरीत कसा झाला, हे मला कोणीतरी समजावून सांगा!

दुसऱ्या मुदतीसाठी विशेष ठराव लागतो, बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट हवीत. ऐकायला कडक वाटतं. पण गणित करून बघा. मालकाच्या घराण्याकडे 65 टक्के शेअर, आम्हा लोकांकडे 35. त्या 35 पैकी मतदान करणारे समजा 10, आणि ते सगळेच्या सगळे विरोधात गेले. तरी 65 विरुद्ध 10, ठराव आरामात पास. तो पाडायला जवळपास 22 टक्के विरोधी मतं लागतात. एवढी माणसं कुठून आणायची? अर्ध्या लोकांना ई-व्होटिंग कधी उघडलं आणि कधी बंद झालं याचा पत्ताही नसतो.

2024 ला एकदाचे ते गेले. दोन मुदतींनंतर तीन वर्षं त्या कंपनीत स्वतंत्र संचालक होता येत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या नात्यानेही तिच्याशी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष संबंध ठेवता येत नाही. मला बरं वाटलं होतं. पण हे महाशय गेले कुठे? त्याच घराण्याच्या दुसऱ्या कंपनीच्या मंडळावर. आणि त्या कंपनीत मुदत संपलेले गृहस्थ आमच्याकडे आले! मनाई 'त्या कंपनी'पुरती, भगिनी कंपनी वेगळी, असा सोयीचा अर्थ लावायचा आणि खुर्च्यांची अदलाबदल करायची. 31 मार्च 2027 ला तीन वर्षं भरली की दोघंही आपापल्या जुन्या जागी परतायला मोकळे.

लोक म्हणतात, आता डेटाबँक आहे, म्हणजे स्वतंत्र संचालक होऊ पाहणाऱ्यांच्या नावांची यादी. हो, डिसेंबर 2019 पासून आहे, मानेसरची संस्था चालवते. मी रीतसर पैसे भरून नाव नोंदवलं, घरी बसून ऑनलाइन परीक्षा दिली, पास झालो. पास व्हायला पूर्वी 60 टक्के लागायचे, ते 50 वर आणले. कितीही वेळा बसता येतं. पण माझी चीड परीक्षेवर नाही. त्या यादीतून कोणी निवड करतच नाही! कायद्याच्या कलमात यादीतून 'निवडता येईल' एवढंच आहे, आणि पारख करायची जबाबदारी कंपनीवरच टाकलीय. त्यामुळे मालक आधी आपला माणूस ठरवतो आणि मग त्याला सांगतो, नाव नोंदवून घ्या. ज्याने लिस्टेड कंपनीत तीन वर्षं संचालकपद भोगलंय त्याला तर परीक्षाच माफ. म्हणजे जुन्या मंडळींना दार सताड उघडं, आणि फोंड्या-म्हापशाच्या निवृत्त माणसाच्या वाट्याला नूतनीकरणाच्या फीची आठवण करून देणारे ई-मेल. मला आजवर एकाही कंपनीने विचारलेलं नाही.

सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? यावरचा उपाय सेबीच्या हातात होता. मार्च 2021 च्या मसुद्यात म्हटलं होतं की स्वतंत्र संचालक नेमताना मालक सोडून उरलेल्या भागधारकांचं बहुमत वेगळं मोजावं. जूनमध्ये ते गाळलं आणि त्याजागी नेमणुकीलाही विशेष ठराव ठेवला. मग नोव्हेंबर 2022 मध्ये आमची मतं वेगळी मोजायची सोय आणली, पण कधी? विशेष ठराव पडला तर! साधं बहुमत आणि आमचंही बहुमत बाजूने असेल तर नेमणूक वाचवायची. वाचवायला आमची मतं वेगळी मोजता येतात, तर रोखायला का नाही? आणि एका घराण्याच्या सगळ्या कंपन्यांतली वर्षं एकत्र धरून दहाची मर्यादा का लावत नाही?

2027 मध्ये ते नाव पुन्हा नोटिशीत आलं, तर मी विरोधात मत टाकणार आणि सभेत अध्यक्षांना विचारणार: मधली तीन वर्षं हे कुठे होते, आणि त्यांची बैठकीची फी कोणाच्या कंपनीतून निघत होती?