लीजच्या सममध्ये ॲसेट आणि लायबिलिटी ‘सेम’? पहिल्याच दिवशी फरक पडतो

“लीजचं न्यूमेरिकल म्हणजे दोन मिनिटांचं काम. सगळे हप्ते दिलेल्या रेटने डिस्काउंट करा, जो आकडा येईल तोच ॲसेट आणि तीच लायबिलिटी. मग दोन्ही एकाच शेड्यूलने खाली आणा, शेवटी दोन्ही शून्य. वर्षाचा खर्च शेवटी भाड्याएवढाच, फक्त नाव बदललंय.”

हे फिरणारं ज्ञान मी इतक्यांदा बघितलंय की आता एकदा आकडे मांडूनच बोलतो. पूर्ण खोटं नाहीये ते. भाडं वर्षाच्या शेवटी द्यायचं असेल, वरखर्च काहीच नसेल, तर पहिल्या दिवशी दोन्ही आकडे खरंच सारखे येतात, आणि बहुतेकांनी पहिला सम असाच सोडवलेला असतो म्हणून तोच नियम वाटायला लागतो. पण परीक्षेत आणि कामात येणारं लीज एवढं साधं क्वचितच असतं.

एक केस घेऊ. एक मशीन पाच वर्षांसाठी लीजवर, वर्षाला १,००,००० भाडं, आणि ते प्रत्येक वर्षाच्या पहिल्या दिवशी द्यायचं. डिस्काउंट रेट १०%. लीज मिळवण्यासाठी लेसीने १५,००० कमिशन दिलं आणि लीज सुरू होण्याआधीच लेसरकडून ५,००० इन्सेंटिव्ह मिळाला. शेवटी मशीन परत, विकत घ्यायचा ऑप्शन नाही. हिशोब आयएफआरएस १६ प्रमाणे, इंड एएस ११६ मध्येही हेच येतं.

आता सगळ्यात मोठी चूक इथे होते: “सगळे हप्ते”. स्टँडर्ड म्हणतं लायबिलिटी म्हणजे लीज सुरू होण्याच्या तारखेला जे हप्ते अजून दिलेले नाहीत त्यांची प्रेझेंट व्हॅल्यू. पहिला हप्ता त्याच दिवशी दिला, मग त्याचं देणं कुठे उरलं? उरले चार, आणि ते आजपासून एक, दोन, तीन आणि चार वर्षांनी आहेत. फॅक्टर ०.९०९०९, ०.८२६४५, ०.७५१३१, ०.६८३०१, बेरीज ३.१६९८६. म्हणजे लायबिलिटी ३,१६,९८६. बस, एवढीच.

ॲसेट मात्र वेगळ्या रस्त्याने बनतो. ही लायबिलिटी ३,१६,९८६, त्यात पहिल्या दिवशी दिलेला हप्ता १,००,०००, त्यात कमिशन १५,०००, आणि त्यातून इन्सेंटिव्ह ५,००० वजा, की आरओयू ॲसेट येतो ४,२६,९८६. एंट्री लिहिली तर ॲसेट डेबिट ४,२६,९८६, लायबिलिटी क्रेडिट ३,१६,९८६, आणि बँकेतून निव्वळ गेले १,१०,०००. टॅली झालं. पहिल्याच दिवशी दोघांत १,१०,००० चा फरक आहे आणि यात चूक कुठेच नाही, हा फरक म्हणजे निव्वळ जेवढी रोकड आधीच गेली तेवढाच. मशीन परत करताना साइट पूर्ववत करून द्यायची जबाबदारी असती तर त्याच्या अंदाजे खर्चाची प्रेझेंट व्हॅल्यूसुद्धा ॲसेटमध्ये चढली असती, पण तिचं देणं लीज लायबिलिटीत नाही, वेगळ्या प्रोव्हिजनमध्ये बसतं.

एक्सेलवाल्यांसाठी जरा थांबतो, कारण तिथे हीच चूक फॉर्म्युल्याआड लपते:

```
=PV(10%,5,-100000)      379,079
=PV(10%,5,-100000,0,1)  416,987
=PV(10%,4,-100000)      316,987
```

पहिला आकडा वर्षअखेरच्या पाच हप्त्यांचा, आपल्या करारात तसे हप्तेच नाहीत. दुसरा बरोबर वाटतो कारण शेवटी १ टाकून “सुरुवातीला पेमेंट” सांगितलं, पण त्यात आज दिलेला लाखसुद्धा आहे, त्यामुळे तो थेट लायबिलिटीत टाकायचा नाही, आधी त्यातून लाख काढायचा. तिसरा आपला. (३,१६,९८६ आणि ३,१६,९८७ हा एका रुपयाचा राउंडिंगचा खेळ आहे, त्यावरून रात्र जागवू नका.)

पहिला आकडा घेऊन पुढे गेलं तर काय होतं? ३,७९,०७९ मधून पहिल्या दिवसाचा लाख वजा केला, वर्षाचं १०% व्याज लावलं, पुन्हा लाख वजा केला, असं करत गेलं की पाचवा हप्ता देताना शिल्लक साधारण ४४,५०० च उरते आणि द्यायचा आहे लाख. लायबिलिटी ५५,५०० नी उणे जाते. एकदा एका ठिकाणी माझ्यासमोर असंच शेड्यूल आलं होतं, करणाऱ्याने हे ५५,५०० गुपचूप शेवटच्या वर्षाच्या व्याजात ढकलून शून्य आणलं होतं. शेवटी शून्य दिसतंय म्हणून शेड्यूल बरोबर, असं होत नाही, ते शून्य स्वतःहून आलंय का ते बघायचं.

आता “एकाच शेड्यूलने खाली आणा”. इथे दोघांची लग्नगाठ तुटते. लायबिलिटी हे कर्ज आहे, ती व्याजाने वाढते आणि हप्त्याने कमी होते. ॲसेट ही वापरायची गोष्ट आहे, तिचं डेप्रिसिएशन होतं, इथे स्ट्रेट लाइनने ४,२६,९८६ भागिले ५, म्हणजे ८५,३९७ (शेवटच्या वर्षी ८५,३९८). लायबिलिटीचं असं चालतं:

| वर्ष | हप्त्यानंतर शिल्लक | व्याज १०% | वर्षअखेर लायबिलिटी | वर्षअखेर ॲसेट |
|---|---|---|---|---|
| १ | ३,१६,९८६ | ३१,६९९ | ३,४८,६८५ | ३,४१,५८९ |
| २ | २,४८,६८५ | २४,८६९ | २,७३,५५४ | २,५६,१९२ |
| ३ | १,७३,५५४ | १७,३५५ | १,९०,९०९ | १,७०,७९५ |
| ४ | ९०,९०९ | ९,०९१ | १,००,००० | ८५,३९८ |
| ५ | ० | ० | ० | ० |

पहिली ओळ नीट बघा. पहिल्या वर्षात लायबिलिटी ३,१६,९८६ वरून ३,४८,६८५ वर वाढलीये. हे बघून पोरं घाबरतात आणि खोडतात. खोडू नका. हप्ता पहिल्या दिवशीच देऊन झाला, नंतर वर्षभर फक्त व्याज साचलं, पुढचा हप्ता उद्या सकाळी जाणार आहे. व्याज लावायचं ते हप्ता दिल्यानंतरच्या शिल्लकीवर. हप्त्याच्या आधीच्या शिल्लकीवर लावलं तर चुकलंच.

ॲसेट सुरुवातीला लायबिलिटीपेक्षा लाखभर जास्त होता, आणि पहिलं वर्ष संपता संपता तो खाली गेला. दोघांची चाल वेगळी आहे म्हणूनच. पाचव्या वर्षाच्या अखेरीस दोन्ही शून्य, हे या केसमध्ये खरं आहे, पण लायबिलिटीला ते पाचव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी जमलं आणि ॲसेटला शेवटच्या. शिवाय विकत घ्यायचा ऑप्शन असता, तो लेसी नक्की वापरणार अशी खात्री असती आणि मशीनचं आयुष्य आठ वर्षं असतं, तर ऑप्शनची किंमत लायबिलिटीत आली असती आणि डेप्रिसिएशन पाचवर नाही, आठ वर्षांवर गेलं असतं. मग पाच वर्षांनी लायबिलिटी संपली तरी ॲसेट तीन वर्षं पुस्तकात बसून राहिला असता.

याच टेबलातून अजून एक जण घसरतो. पहिल्या वर्षअखेरच्या ३,४८,६८५ पैकी करंट किती? सवयीने लोक यंदाच्या क्लोजिंगमधून पुढच्या वर्षाचं क्लोजिंग वजा करतात आणि ७५,१३१ लिहितात. अहो, लाख तर उद्याच जाणार आहे! त्याशिवाय पुढच्या बारा महिन्यांत कुठलाच हप्ता नाही, म्हणून करंट १,००,००० आणि नॉन-करंट २,४८,६८५. ती वजाबाकी चुकते कारण पुढच्या वर्षाच्या क्लोजिंगमध्ये अजून न लागलेलं २४,८६९ व्याज मिसळलेलं असतं.

राहिला खर्च. व्याज अधिक डेप्रिसिएशन केलं की वर्षागणिक येतं: १,१७,०९६, मग १,१०,२६६, १,०२,७५२, ९४,४८८ आणि शेवटी ८५,३९८. बेरीज बरोबर ५,१०,०००, म्हणजे पाच लाख भाडं अधिक १५,००० वजा ५,०००. तर पाच वर्षांचा एकूण खर्च बदलत नाही, हे कबूल. पण कुठल्याही एका वर्षाचा खर्च १,००,००० नाही आणि सरासरी १,०२,००० पण नाही, सुरुवातीला जास्त आणि पुढे उतरत जाणारा. पहिल्या वर्षाचा नफा विचारला आणि तुम्ही खर्च लाख धरला तर १७,०९६ ने चुकलात. “फक्त नाव बदललं” हेही जरा अर्धवटच, कारण भाडं ऑपरेटिंग खर्चात होतं आणि आता त्याच्या जागी डेप्रिसिएशन आणि फायनान्स कॉस्टमधलं व्याज आलं, एबिटडा या दोन्हींच्या आधी काढतात, म्हणून तो एकदम गुटगुटीत दिसायला लागतो.

खर्च दरवर्षी सारखा हे कुठून आलं याचा मला अंदाज आहे. अमेरिकन एएससी ८४२ मध्ये ऑपरेटिंग लीज असेल तर लेसीला दरवर्षी साधारण सारखाच, एकाच ओळीत खर्च दाखवायचा असतो, तिथे ॲसेट उलटा काढतात, वर्षाच्या सारख्या खर्चातून व्याज वजा करून जे उरेल तेवढा ॲसेट कमी. तिकडचे व्हिडिओ बघून इकडचे सम सोडवले की असा घोळ होतो. आयएफआरएस १६ मध्ये लेसीसाठी ऑपरेटिंग-फायनान्स असा भेदच नाही (शॉर्ट-टर्म आणि लो-व्हॅल्यूची सूट सोडली तर).

हप्ते महिन्याचे असले तर अजून एक बारीकसं: वार्षिक १०% हा इफेक्टिव्ह रेट दिला असेल तर महिन्याचा रेट ०.८३३% नाही, ०.७९७% येतो, १.१० चं बारावं मूळ काढून एक वजा. सममध्ये रेट कसा दिलाय ते आधी वाचा.

आणि माझं शेड्यूल बरोबर आहे का हे तपासायला मी एकच गोष्ट करतो. उरलेले हप्ते ४,००,०००, सुरुवातीची लायबिलिटी ३,१६,९८६, फरक ८३,०१४. व्याजाच्या कॉलमची बेरीज करा: ३१,६९९ अधिक २४,८६९ अधिक १७,३५५ अधिक ९,०९१. आली ना ८३,०१४? एक-दोन रुपये इकडे तिकडे असले तर राउंडिंग, हजारात फरक असेल तर वर जाऊन हप्त्याची तारीख बघा, बहुतेक तिथेच सापडेल.