पीस म्हणजे नेमका किती?

ऑनलाइन दुकानांसाठी मालाचं वर्णन लिहिण्याचा धंदा परभणीत बसून करता येतो, फक्त गिऱ्हाइकाला तो धंदा वाटत नाही. 'लिहायलात म्हणजे काय करायलात?' असं विचारणारे शेठ मला नेहमी भेटतात. एका शेठनं तर पहिल्याच फोनवर सांगितलं, "ताई, ४८ साड्या आहेत. सॅम्पल म्हणून आधी दहा लिहून पाठवा, मग बघू."

सॅम्पल मी देते, पण स्वतःच्या मालाचं. सासूबाईंच्या पेटीतली पैठणी, घरचा काळा मसाला, शेजारच्या काकूंची गोधडी. प्रत्येकाचा एक फोटो, दुकानदार सहसा लिहितात ती ओळ आणि तिच्या खाली माझी. शेठना पैठणीचं सॅम्पल पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "छान आहे. ही साडी केवढ्याला?"

मग त्यांनी स्वतःचं लिखाण पाठवलं: 'सुंदर आकर्षक प्युअर पैठणी, लग्नासाठी बेस्ट, लिमिटेड स्टॉक.' किंमत १,२५०.

मी म्हटलं, शेठ, पदराच्या उलट्या बाजूचा फोटो पाठवा. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्हीकडून जवळपास सारखाच दिसतो. शेठच्या मोराच्या पाठीमागे मात्र कापलेल्या धाग्यांचं रान माजलेलं. काठाजवळचा एक धागा जाळून बघा, असं मी म्हणाले, तर तेही त्यांनी केलं. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडते. यांच्या धाग्याची वितळून कडक गोळी झाली.

"मग काय लिहायचं?" शेठचा आवाज पडला. "खोटी पैठणी लिहू का?"

खोटी कशाला? मी लिहिलं: 'सेमी-पैठणी, यंत्रमागावर विणलेली. कृत्रिम रेशीम, नकली जर, पदरावर दोन मोर. लांबी साडेपाच मीटर, ब्लाउजपीस ८० सेंटीमीटर वेगळा. हलकी असल्यानं हळदीपासून वरातीपर्यंत नेसून राहता येते. पहिली धुलाई ड्रायक्लीन. फोटोपेक्षा रंग थोडा गडद दिसू शकतो.'

शेठना शेवटची ओळ रुचली नाही. "आपणच सांगायचं होय?" म्हणाले. पण 'प्युअर' वाचून घेतलेली साडी घरी उघडली की परत येते, आणि परतीचा कुरिअरखर्च बहुतेक वेळा शेठच्याच माथी बसतो. खर्च म्हटल्यावर शेठ पुरते शांत झाले. जाहिरातीसाठी म्हणून तीन ओळी वेगळ्या मागितल्या. मोबाइलवर जाहिरातीच्या पहिल्या थोड्याच ओळी दिसतात, बाकीचं 'आणखी वाचा'च्या आड जातं. म्हणून 'आमच्या येथे' ही शेठची लाडकी सुरुवात उडवून किंमत आणि मोर पुढे आणले.

खरी लढाई दराची. माझा दर पीसला, म्हणजे एका वर्णनाला, १५०, दुरुस्ती एक फुकट. फोटो बघणं, शेठला प्रश्न विचारणं (उत्तर दुपारच्या झोपेनंतर येतं), लिहिणं आणि पुन्हा वाचणं यात पाऊण तास जातो, म्हणजे तासाला २०० पडतात. शेठ म्हणाले, "साडीला फॉल-पिको शंभरात होतं, त्यात सुईदोराही येतो!"

मग मोजणी आली. ४८ साड्या म्हणजे आठ डिझाइन, प्रत्येकी सहा रंग. शेठच्या हिशेबानं पीस आठच, कारण "नुसता रंगच तर बदलायचा!" माझ्या हिशेबानं ४८, कारण राणी रंगाला जे शोभतं ते मेहंदी रंगाला लिहिलं तर हसू होतं, आणि नाव, रंग, फोटोशी जुळणी प्रत्येकाची तपासावीच लागते.

शेवटी तोडगा असा निघाला: डिझाइनचं पहिलं पूर्ण वर्णन १५० ला, त्याच डिझाइनचा पुढचा प्रत्येक रंग ३० ला. आठ गुणिले १५० म्हणजे १,२००, चाळीस गुणिले ३० म्हणजे पुन्हा १,२००. एकूण २,४००, निम्मे आधी. शेठनी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं, आणि दोन्ही वेळा तेच आल्यावर नाराज झाले. ॲडव्हान्स मात्र पाठवला, वर 'दुसरी दुरुस्ती पण धरा' असा निरोप. दुसऱ्या दुरुस्तीला ४० लागतील, असं मी त्याच निरोपाखाली लिहून ठेवलं. असं तोंडी राहिलं की शेवटी ते आपल्याच अंगावर येतं.

परवा एका बाईनं शेठना फोनवर विचारलं, "ही खऱ्या रेशमाची आहे का ओ?" शेठ म्हणाले, "लिहिलंय की तिथं स्पष्ट, वाचा!" आणि हे मला मोठ्या अभिमानानं कळवलं. सोबत नव्या कामाचा निरोप होता.

"ताई, परकर आलेत. डिझाइन एकच, रंग बत्तीस. पीस एकच धरा."