चारही मास्क बरोबर, मग दोन सबनेट चुकले कसे?

«सर, व्हीएलएसएमवरच्या लेखात तुम्ही ‘सर्वांत मोठ्या गटापासून सुरुवात करा’ एवढंच सांगितलंत. का, ते कुठेच नाही. पेपरात 192.168.10.0/24 दिलं होतं: राजवाडा शाखा 25 संगणक, पलासिया 100, विजयनगर 50 आणि दोन राउटरमधला दुवा. मी प्रश्नातल्याच क्रमाने पत्ते वाटले: 0 ते 31, 32 ते 159, 160 ते 223, 224 ते 227. सगळं 256 च्या आत बसतं, तरी 6 पैकी 1 गुण. असे नियम पाठ करायला लावण्यापेक्षा कारण सांगा. – एक विद्यार्थी, इंदूर»

नमस्कार. कारण मागितलंत हे योग्यच केलंत, आणि ते लेखात असायला हवं होतं.

तुम्ही गटांचे आकार बरोबर काढले आहेत: 32, 128, 64 आणि 4. चूक आकारात नाही, सुरुवातीच्या आकड्यात आहे. सबनेटचा पहिला पत्ता म्हणजे नेटवर्क पत्ता, आणि त्यात होस्टचे सगळे बिट शून्य असावे लागतात. पलासियाला /25 दिलं की शेवटच्या ऑक्टेटमधले 7 बिट होस्टचे होतात. तुम्ही सुरुवात 32 पासून केलीत:

```
32  = 00100000
128 = 10000000   (/25 चा मास्क)
AND = 00000000   → नेटवर्क 192.168.10.0
```

म्हणजे 192.168.10.32/25 नावाचं नेटवर्कच नसतं. तो 192.168.10.0/25 मधला एक साधा होस्ट पत्ता आहे, आणि राजवाड्याचे 0 ते 31 हे पत्तेही त्याच नेटवर्कमध्ये येतात. विजयनगरचं तेच झालं. 160 ला 64 ने भाग जात नाही, त्यामुळे /26 चा मास्क लावला की नेटवर्क 128 वर येतं. राजवाडा आणि दुवा मात्र बरोबर आहेत.

हे केवळ कागदावरचं नियमपालन नाही. तुमच्या वाटपात पलासियाची शाखा मधोमध तुटते. 40 क्रमांकाचा संगणक स्वतःला 0 च्या नेटवर्कमध्ये समजतो आणि 140 चा संगणक 128 च्या. गेटवे 33 वर ठेवला तर 140 ला तो आपल्या नेटवर्कमध्ये सापडतच नाही. आणि 127 कुठल्याच संगणकाला देता येत नाही, कारण तो 0/25 चा ब्रॉडकास्ट पत्ता आहे. राजवाडा आणि पलासिया एकाच सिस्को राउटरच्या दोन इंटरफेसवर असतील, तर राउटर दुसरा पत्ता स्वीकारतच नाही आणि `overlaps with` असा संदेश देतो.

आता मोठ्यापासून सुरुवात का, ते पाहा. खरा नियम एकच: सुरुवातीच्या आकड्याला गटाच्या आकाराने नि:शेष भाग गेला पाहिजे. सगळे आकार दोनाचे घात असतात, म्हणून मोठ्या आकाराला लहान आकाराने नेहमी भाग जातो. उतरत्या क्रमाने गेलात की मागचा गट जिथे संपतो, तिथूनच पुढचा सुरू करता येतो. मध्ये जागा सोडावी लागत नाही:

```
पलासिया   192.168.10.0/25     0–127
विजयनगर   192.168.10.128/26   128–191
राजवाडा   192.168.10.192/27   192–223
दुवा      192.168.10.224/30   224–227
```

उतरता क्रम ही सोय आहे, सक्ती नाही. प्रश्नाच्या क्रमानेही अचूक उत्तर निघतं, पण मग पुढे उडी मारून पुन्हा मागे यावं लागतं: राजवाडा 0/27, पलासिया थेट 128/25, विजयनगर मागे येऊन 64/26 आणि दुवा 32/30. हेही पूर्ण बरोबर आहे. मात्र घाईत मागची रिकामी जागा लक्षात राहत नाही, आणि पलासिया 255 ला संपल्यावर ‘पत्ते उरले नाहीत’ असं लिहून विद्यार्थी मोकळा होतो.

गुणांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चारही मास्क आणि दोन नेटवर्क पत्ते बरोबर असताना 6 पैकी 1 हे कमी आहेत. पुनर्मूल्यांकनाची सोय असेल तर अर्ज करा. परीक्षकाला तुमचा विचार दिसावा म्हणून यापुढे प्रत्येक सबनेटसमोर एक ओळ लिहा: ‘128 ÷ 64 = 2, बाकी 0’. बायनरीची अख्खी ओळ फक्त एका सबनेटसाठी दाखवली तरी पुरते. ही तपासणी लिहिता लिहिता 160 ÷ 64 पाशी तुम्ही स्वतःच थांबला असता.

आणखी एक जागा सांभाळा. राजवाड्याला 25 होते म्हणून /27 चाललं. 30 संगणक असते तर /27 चे 30 वापरण्याजोगे पत्ते तिथेच संपले असते आणि राउटरच्या इंटरफेसला पत्ता उरला नसता. प्रश्नात ‘30 संगणक’ असेल तर गेटवेचा एक मिळवून 31 धरा आणि /26 द्या. ‘30 होस्ट पत्ते’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर /27 ठेवा, आणि काय गृहीत धरलंत ते उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहा.